हिशेब विभागातली नोकरी दहा वर्षे टिकेल का? कामाच्या तासांवरून अंदाज बांधण्याची पद्धत

२०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बॉर्न या संशोधकांनी ७०२ व्यवसायांची यादी घेऊन त्यांतील प्रत्येकाचे काम संगणकाकडे जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधला आणि अमेरिकेतील सुमारे ४७ टक्के रोजगार मोठ्या धोक्यात आहे असा निष्कर्ष काढला. तीन वर्षांनी ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात व्यवसायाच्या नावाऐवजी त्या व्यवसायातली माणसे दिवसभरात प्रत्यक्ष काय करतात हे पाहिले गेले, तेव्हा २१ देशांची सरासरी ९ टक्के निघाली. दोन्ही आकड्यांत एवढा फरक पडण्याचे मुख्य कारण मोजण्याचे एकक वेगळे होते, हे आहे. पहिल्या यादीत लेखापाल व लेखापरीक्षकांची शक्यता ०.९४ आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांची ०.९८ दिली होती, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच पायरीवर होते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या अलीकडच्या अंदाजांत लेखापालांच्या जागा वाढतील आणि कारकुनांच्या जागा घटतील असे धरलेले आहे. एकाच खोलीत, एकाच संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या दोन माणसांचे भवितव्य असे वेगळे होते, कारण त्यांचे तास वेगवेगळ्या कामांत जातात.

म्हणून आपली नोकरी ऑटोमेशनला किती उघडी आहे, म्हणजे तिच्यातले किती काम यंत्राकडे जाऊ शकते, हे ठरवताना पदाचे नाव बाजूला ठेवावे आणि तास मोजावेत. ही पद्धत कुठल्याही नोकरीला लावता येते, पण ती एका उदाहरणावर शेवटपर्यंत चालवून दाखवल्याशिवाय उपयोगाची होत नाही. इथे मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या, पत्रा दाबून प्रेस पार्ट बनवणाऱ्या, वर्षाला सुमारे १८ कोटींची उलाढाल असलेल्या एका कारखान्यातील अकाउंट्स असिस्टंटचे पद घेतले आहे. पगार महिना २४,००० रुपये आणि कामाचे तास महिन्याला २०० धरले आहेत. हे उदाहरण पद्धत समजावण्यासाठी बेतलेले आहे. त्यातले आकडे काढून तिथे आपले आकडे घालावेत, हीच अपेक्षा आहे.

पहिली पायरी: पूर्ण महिन्याची नोंदवही

एक आठवडा मोजून महिन्याचा अंदाज बांधण्याचा मोह टाळावा, कारण हिशेब विभागाचे काम तारखांना बांधलेले असते. सात तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, अकरापर्यंत विक्रीचे विवरणपत्र जीएसटीआर-१, चौदाला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावे भरलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि वीसपर्यंत कर भरण्याचे विवरणपत्र ३बी भरायचे. पहिल्या आठवड्यात नोंद ठेवली तर २बीची जुळवणी जवळजवळ दिसणारच नाही आणि तिसऱ्या आठवड्यात ठेवली तर तीच सगळे काम वाटेल. म्हणून एक पूर्ण महिना दर दोन तासांनी एका ओळीत काय केले ते लिहावे. ‘अकाउंट्सचे काम’ असे लिहू नये. ‘स्टोअरमध्ये जाऊन माल आल्याच्या जीआरएन पावतीतील आणि बिलातील संख्या पडताळली, फरक निघाला, डेबिट नोट केली’ इतके स्पष्ट लिहावे. फोनवर गेलेला वेळही लिहावा, कारण बहुतेक जण नेमका तोच विसरतात आणि पुढच्या हिशेबात त्याचेच वजन मोठे ठरते.

महिन्याच्या शेवटी या ओळी आठ-दहा कामांत गोळा कराव्यात. आपल्या उदाहरणात त्या अशा येतात: खरेदी बिलांच्या नोंदी ६० तास, विक्री बिले, ई-इनव्हॉइस व ई-वे बिल २५ तास, बँकेच्या नोंदी व जुळवणी २५ तास, २बीची जुळवणी १५ तास, त्या जुळवणीत न सापडलेल्या बिलांसाठी पुरवठादारांचा पाठपुरावा १५ तास, एका कारखान्याने दुसऱ्याकडून करून घ्यायच्या कामाची, म्हणजे जॉब वर्कची, चलने, नापास मालाचे रिजेक्शन व डेबिट नोटा ३० तास, ग्राहकांकडील येणी व दरफरकाचे वाद २० तास, बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट आणि ऑडिटची कागदपत्रे १० तास. एकूण २०० तास.

२बीची जुळवणी आणि तिचा पाठपुरावा मी मुद्दाम वेगळे केले आहेत. कार्यालयात दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात, परंतु एकात दोन याद्या शेजारी ठेवून फरक शोधायचा असतो आणि दुसऱ्यात ज्याने आपले रिटर्न भरलेच नाही अशा पुरवठादाराला भरायला लावायचे असते. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने भरलेले आणि २बीमध्ये दिसणारे बिल असेल तरच खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, मिळते. त्यामुळे हा पाठपुरावा म्हणजे कंपनीचे थेट पैसे आहेत. जिथे एका नावाखाली दोन वेगळ्या प्रकारची कामे दडलेली असतात तिथे ती फोडलीच पाहिजेत, नाहीतर पुढची सगळी मोजदाद फसते.

दुसरी पायरी: प्रत्येक कामाला चार प्रश्न

पहिला प्रश्न असा की या कामाला लागणारी माहिती आधीच संगणकात, ठरलेल्या साच्यात येते का. दुसरा, काम बरोबर झाले की चुकले हे झटपट आणि स्वस्तात तपासता येते का. तिसरा, या कामासाठी एखाद्या जागी जाऊन वस्तू पाहावी लागते का, किंवा समोरच्या माणसाला राजी करावे लागते का. चौथा, चूक झाली तर कोणाला जबाबदार धरतात. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर त्या कामाला ०.८ गुण द्यावा. उलट चित्र असेल तर ०.१ द्यावा. मिश्र उत्तर आले तर ०.४. चौथा प्रश्न केवळ शंका पडेल तेव्हा वापरावा. जबाबदारी मोठी आणि नावानिशी असेल तर खालचा गुण घ्यावा. पूर्ण १ किंवा पूर्ण ० मी कधी देत नाही, कारण सर्वात यांत्रिक कामातही काही अपवाद माणसाकडे उरतात आणि सर्वात माणसाच्या कामातही थोडी कारकुनी असतेच.

हे गुण देताना एक चूक फार जण करतात: जे काम आपल्याला अवघड जाते ते सुरक्षित समजतात. २बीच्या जुळवणीत शेकडो बिले, बिल क्रमांकातल्या तिरप्या रेघा व शून्ये आणि पैशांत पडणारे फरक सांभाळताना डोके दुखते आणि त्यामुळे ते कौशल्याचे काम वाटते. प्रत्यक्षात दोन्ही याद्या संगणकातच आहेत आणि उत्तर लगेच तपासता येते, म्हणून गुण ०.८. याउलट रिजेक्शनच्या बिनपाशी जाऊन, परत पाठवायचे पार्ट खरोखर आपल्याच पुरवठादाराचे आहेत का, ते आपल्याकडच्या प्रेसवर वाकले की येतानाच वाकडे होते, हे सुपरवायझरला विचारून ठरवायला फारशी पदवी लागत नाही. पण ती माहिती कुठल्याच संगणकात नाही, म्हणून गुण ०.१. कामाचा कंटाळा, प्रतिष्ठा आणि अवघडपणा या तिन्हींचा ऑटोमेशनशी संबंध फार सैल आहे.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी ती भाषेची. ऑटर, लेव्ही आणि मरनेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली ठरीव आणि बिनठरीव कामे अशी जी विभागणी मांडली, तिच्यावर पुढची बरीच वर्षे अंदाज बांधले गेले. ज्याचे नियम लिहून काढता येतात ते संगणक करेल आणि बाकीचे माणसाकडे राहील, असा तो विचार होता. मजकूर वाचू-लिहू शकणारी मोठी भाषा मॉडेल्स आल्यापासून ही रेघ सरकली आहे. वेड्यावाकड्या मांडणीच्या पीडीएफ बिलातून रक्कम व जीएसटी क्रमांक वाचणे, नोटिशीच्या उत्तराचा पहिला मसुदा लिहिणे, ही कामे नियम लिहून काढता येत नसतानाही यंत्राच्या आवाक्यात आली आहेत. म्हणून पहिल्या प्रश्नातील ‘ठरलेल्या साच्यात’ ही अट आता थोडी ढिली धरावी: माहिती वाचता येण्याजोगी असेल आणि निकाल तपासता येण्याजोगा असेल, तर गुण वरचाच द्यावा.

आता गुणाकार. खरेदी बिले ६० × ०.८ = ४८, विक्री बिले २५ × ०.८ = २०, बँक २५ × ०.८ = २०, २बीची जुळवणी १५ × ०.८ = १२, पाठपुरावा १५ × ०.४ = ६, जॉब वर्क व रिजेक्शन ३० × ०.१ = ३, येणी व दरफरक २० × ०.४ = ८, स्टॉक स्टेटमेंट व ऑडिटची कागदपत्रे १० × ०.४ = ४. बेरीज १२१ तास, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे ६० टक्के.

या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. ज्या कामाचे तास सर्वात जास्त आणि गुणाबद्दल शंका सर्वात मोठी, त्याचा गुण एक पायरी बदलून पाहावा. आपल्या उदाहरणात ते काम खरेदी बिलांचे आहे. लहान पुरवठादार हाताने लिहिलेली किंवा पुसट छापलेली बिले देत असतील, तर ०.८ ऐवजी ०.४ धरावा. मग बेरीज ९७ होते आणि टक्का ५० च्या जवळ येतो. तेव्हा खरे उत्तर आहे ५० ते ६० टक्के, आणि पुढचे सगळे निर्णय या पट्ट्यावर घ्यावेत.

इथे अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मोजणी करता येते. गेल्या महिन्याच्या खरेदी बिलांची फाईल काढावी आणि किती बिलांवर आयआरएन, म्हणजे सरकारी प्रणालीने ई-इनव्हॉइसला दिलेला क्रमांक, व क्यूआर कोड आहे ते मोजावे. ई-इनव्हॉइसची सक्ती ज्यांना लागू आहे त्यांच्या बिलांवर तो असतोच आणि त्या बिलांची माहिती छापण्याआधीच सरकारी प्रणालीतून गेलेली असते. मात्र नुसता क्यूआर स्कॅन केला की नोंद पूर्ण होते, हा समज चुकीचा आहे. त्या कोडमध्ये दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत ती संख्या, मुख्य वस्तूचा एचएसएन वर्गीकरण क्रमांक आणि आयआरएन एवढेच असते, प्रत्येक वस्तूचा तपशील नसतो. जिथे बिल एकाच वस्तूचे असते तिथे नोंद जवळजवळ आपोआप होईल. जिथे एका बिलात पंधरा प्रकारचे नट-बोल्ट असतात तिथे अजून कोणी तरी बिल वाचावे लागेल. आपल्या फाईलमध्ये कोणत्या प्रकारची बिले जास्त आहेत, यावरून ०.८ आणि ०.४ यांतला निर्णय करावा.

तिसरी पायरी: एका छताखाली हे काम किती जण करतात?

माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचा तास १२० रुपयांना पडतो, त्यामुळे १२१ तासांची किंमत महिन्याला १४,५२० रुपये होते. सॉफ्टवेअर, ते बसवणे आणि नीट चालते ना हे पाहणे, हा सगळा खर्च त्यापेक्षा कमी झाला तर मालकाला ते घ्यावेसे वाटेल, असे कागदावर दिसते. पण त्या कारखान्यात हे काम करणारा माणूस एकच असेल, तर मालकाचे १४,५२० रुपये वाचत नाहीत. साठ टक्के माणूस कमी करता येत नाही. उरलेले चाळीस टक्के काम, म्हणजे रिजेक्शन, येणी, पुरवठादारांशी बोलणी, कोणी तरी करावेच लागते आणि ते करणारा तोच असतो. तिथे सॉफ्टवेअर आले तर त्या माणसाचा दिवस बदलतो, नोकरी सहसा जात नाही.

तेच काम तीन जण करत असतील तर हिशेब उलटतो. ६०० तासांतले ३६० जातात आणि २४० उरतात, म्हणजे एका माणसापेक्षा थोडे जास्त. तीनची दोन माणसे होणे जवळजवळ निश्चित आणि पुढे एक होणे शक्य. पुण्यातल्या खराडी किंवा मगरपट्ट्यासारख्या ठिकाणी परदेशी कंपन्यांची जी सेवाकेंद्रे आहेत, तिथे पुरवठादारांची बिले नोंदवणाऱ्यांची मोठी पथके असतात आणि प्रत्येकाला कामाचा एकच तुकडा वाटून दिलेला असतो. अशा ठिकाणी माणसाच्या २०० पैकी १८० तास ०.८ गुणाच्या कामात जाऊ शकतात आणि वाचलेले प्रत्येक टक्का काम थेट माणसांच्या संख्येत उतरते. पगार तिथे भोसरीपेक्षा चांगला असतो, कार्यालय वातानुकूलित असते, पण दहा वर्षांच्या हिशेबात तीच जागा जास्त उघडी असते. म्हणून टक्क्याशेजारी नेहमी दुसरा आकडा लिहावा: माझ्यासारखेच काम करणारी माणसे इथे किती.

कपात होते तेव्हा ती बहुधा काढून टाकण्याच्या रूपात दिसत नाही. कोणी सोडून गेले की ती जागा भरली जात नाही, आणि सर्वात आधी नवशिक्यांची भरती थांबते. आपल्या विभागात गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांच्या जागी कोणी आले का, आणि सर्वात कनिष्ठ सहकारी किती वर्षांपूर्वी रुजू झाला, हे दोन प्रश्न कुठल्याही बातमीपेक्षा आधी सत्य सांगतात.

चौथी पायरी: दहा वर्षांचा विचार म्हणजे अडथळ्यांचा विचार

आजचा टक्का दहा वर्षांनंतरचा नसतो. भविष्याबद्दल तर्क लढवत बसण्यापेक्षा प्रत्येक कमी गुणाच्या कामासमोर त्याला आज कोणता अडथळा वाचवतो आहे ते लिहावे आणि तो अडथळा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे.

काही अडथळे केवळ माहितीच्या रूपाचे असतात, जसे हाताने लिहिलेली बिले. हे सर्वात लवकर वितळतात आणि बरेचदा सरकारच ते वितळवते. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने १००, ५०, २० आणि १० कोटींवर येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ‘आमचे पुरवठादार लहान आहेत, ते कुठले ऑनलाइन बिल देणार’ असे मानणाऱ्या माणसाचा अडथळा तीन वर्षांच्या आत बऱ्याच प्रमाणात संपला. आपल्या १८ कोटींच्या कारखान्यालाही या काळात स्वतःची विक्री बिले याच पद्धतीने करणे भाग पडले. त्याने सॉफ्टवेअर घेण्याचा विचार केला होता की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

काही अडथळे किमतीचे असतात. पगार कमी आहे तोवर सॉफ्टवेअर महाग वाटते. दहा वर्षांत पगार वाढतो आणि सॉफ्टवेअरची किंमत सहसा उतरते, म्हणून या अडथळ्यावरही भिस्त ठेवू नये.

कायद्याने दिलेला अडथळा सर्वात भक्कम वाटतो आणि तोच एका अर्थसंकल्पात नाहीसा होऊ शकतो. जीएसटी आल्यानंतर ठरावीक मर्यादेवरच्या व्यवसायांना सनदी लेखापाल किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून जीएसटी ऑडिट करून घेणे बंधनकारक होते. २०२१ च्या वित्त कायद्याने ते बंधन काढले आणि २०२०-२१ पासून जीएसटीआर-९सी हे वार्षिक ताळमेळपत्र करदात्याने स्वतःच प्रमाणित करायचे ठरले. ज्यांनी आपले सगळे काम या एका सहीवर उभे केले होते त्यांचे ते काम कुठलेही यंत्र न येता गेले. सहीचा अधिकार मोलाचा आहे, पण त्या सहीखाली असा निर्णय असायला हवा, जो सक्ती नसतानाही कोणी पैसे देऊन घेईल.

आणि काही अडथळे वस्तूंचे व माणसांचे असतात: माल खरोखर आला का, तो कोणत्या प्रतीचा होता, ग्राहकाच्या खरेदी विभागाने अडवून ठेवलेला दरफरक कोण सोडवून आणेल. हे सर्वात सावकाश झिजतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली, तिच्यात पुरवठादाराने भरलेले प्रत्येक बिल स्वीकारायचे, नाकारायचे किंवा प्रलंबित ठेवायचे असते आणि काहीच केले नाही तर ते स्वीकारलेले मानले जाते. बिल आपल्यापर्यंत आपोआप पोचण्याची सोय झाली, परंतु ‘हा माल आपल्या गेटमधून आत आला होता का’ या प्रश्नाचे उत्तर स्टोअर ओळखणाऱ्या माणसाकडेच राहिले. त्या माणसाचे काम उलट जास्त मोलाचे झाले, असे मी मानतो.

पाचवी पायरी: पर्यायी भूमिका त्याच कसोटीवर घासणे

दुसरे पद निवडताना जाहिरातीतील वर्णन वापरू नये. ते काम सध्या करणाऱ्या माणसाला भेटून ‘गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय केलेत’ असे विचारावे आणि त्याच्या तासांचा तसाच तक्ता करावा. आपल्या अकाउंट्स असिस्टंटसमोर सहसा पहिला पर्याय येतो तो कर सल्लागाराच्या कार्यालयात रिटर्न तयार करण्याच्या कामाचा, कारण जीएसटी त्याला येतोच. तो तक्ता साधारण असा निघेल: ग्राहकांच्या नोंदी ७० तास, २बीची जुळवणी ५०, रिटर्न भरणे ३०, नोटिशींची उत्तरे ३० आणि ग्राहकांशी बोलणे २०. पहिल्या तीनला ०.८, नोटिशींना ०.४, बोलण्याला ०.१ धरले तर १३४ तास, म्हणजे ६७ टक्के. नोटिशींचे मसुदे यंत्र लिहू लागेल असे धरून तिथेही ०.८ घातले तर ७३ टक्के. शिवाय अशा कार्यालयात हेच काम करणारे बरेच जण असतात. सध्याच्या ५० ते ६० च्या पट्ट्याशेजारी हा ६७ ते ७३ चा पट्टा ठेवला आणि माणसांची संख्याही धरली, तर ओळखीचे म्हणून निवडलेले हे पद सध्याच्या नोकरीपेक्षा जास्त उघडे आहे.

दुसरा पर्याय कॉस्टिंगचा आहे. प्रेस पार्टचे कॉस्टिंग म्हणजे पत्र्याच्या पट्टीतून किती नग निघतात, भंगार किती जाते, तासाला प्रेसचे किती स्ट्रोक पडतात, साचा म्हणजे डाय किती नगांनंतर धार लावायला काढावी लागते, यांवरून एका नगाचा खर्च काढणे. तिथला महिना असा जातो: खर्चपत्रके व आकडेमोड ५० तास (०.८), शॉप फ्लोअरवर जाऊन प्रत्यक्ष मोजणे व पडताळणे ५० (०.१), ग्राहक आणि पुरवठादार यांच्याशी दराच्या वाटाघाटींसाठी तयारी व बैठका ५० (०.१), मासिक तफावतीचा अहवाल ३० (०.४), स्टॉक मोजणी २० (०.१). एकूण ६४ तास, ३२ टक्के. प्रेसवर काउंटर बसले आणि मोजमाप आपोआप येऊ लागले असे धरून शॉप फ्लोअरच्या कामाला ०.४ दिले, तरी ७९ तास, म्हणजे ४० टक्क्यांच्या आतच.

टक्का कमी असणे पुरेसे नाही, काम स्वस्त झाल्यावर त्याची मागणी वाढेल की नाही हेही पाहावे लागते. अमेरिकेत एटीएम आल्यावर एका शाखेला लागणारे रोखपाल कमी झाले, पण शाखा चालवणे स्वस्त पडल्यामुळे शाखा वाढल्या आणि रोखपालांची एकूण संख्या बरीच वर्षे घटली नाही. मोबाइल बँकिंगने शाखेचीच गरज कमी केली तेव्हा ती घटू लागली. म्हणजे पहिल्या यंत्राने कामाचा एक भाग स्वस्त केला आणि दुसऱ्याने ते काम करण्याचे कारणच काढून घेतले. कॉस्टिंगच्या बाबतीत आज आपण पहिल्या स्थितीत आहोत असे मला वाटते. लहान कारखान्यांत नगवार खर्च काढलाच जात नाही, कारण नोंदी वेळेवर होत नाहीत. नोंदी आपोआप होऊ लागल्या की तो काढणे परवडेल. रिटर्न भरण्याचे काम मात्र दुसऱ्या स्थितीकडे सरकते आहे. सरकारकडे आधीच असलेली माहिती पुन्हा भरण्याची गरज हळूहळू कमी होत जाणार आहे.

कॉस्टिंगची अडचण अशी की जागा थोड्या आहेत. १८ कोटींच्या कारखान्यात हे काम बहुधा मालक स्वतः किंवा त्याचा प्लॅंट मॅनेजर करतो. म्हणून उडी मारण्याआधी आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या जाहिराती तीन महिने गोळा कराव्यात आणि अशी स्वतंत्र जागा किती उलाढालीच्या कारखान्यापासून दिसू लागते ते पाहावे. दरम्यान सध्याच्याच नोकरीत वाट तयार करता येते. रिजेक्शन आणि जॉब वर्कचे जे ३० तास आहेत तेच कॉस्टिंगचे प्रवेशद्वार आहे, कारण पत्रा कुठे वाया जातो ते तिथे कळते. सॉफ्टवेअरमुळे खरेदी बिलांचे वीस-पंचवीस तास सुटले, तर मालकाने दुसरी कारकुनी सोपवण्याआधी दोन-तीन मुख्य पार्टचे प्रत्यक्ष भंगार आणि बिलात धरलेले भंगार यांचा तक्ता त्याच्यासमोर ठेवावा. सोबत इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा अभ्यासक्रम करायचा असेल तर पदवीधरांना थेट इंटरमीजिएटला प्रवेश घेता येतो. पण शॉप फ्लोअरवर न गेलेल्या माणसाची पदवी पुन्हा त्याच ५० तासांच्या आकडेमोडीत अडकते, हे ध्यानात असावे.

हा तक्ता वर्षातून एकदा, ३१ मार्चचे क्लोजिंग आटोपल्यावर, नव्या नोंदींवरून पुन्हा करावा. ज्या कामाचा गुण गेल्या वर्षी ०.४ होता त्याचा अडथळा अजून उभा आहे का, आयआरएन असलेल्या बिलांचे प्रमाण किती वाढले, विभागातल्या माणसांची संख्या बदलली का, एवढ्या तीन गोष्टी तपासल्या तरी चालते. दोन भूमिकांच्या टक्क्यांत दहा-बारापेक्षा कमी अंतर निघाले, तर या पद्धतीला त्यांतला फरक ओळखता येत नाही, कारण एकाच मोठ्या कामाचा गुण बदलल्यावर आपल्या उदाहरणात तेवढाच फरक पडला होता. अशा वेळी निवड पगारावर, घरापासूनच्या अंतरावर आणि वरिष्ठ शिकवणारा आहे की नाही यावर करावी.